प्रश्न मुलांचे, तपासणी माझी

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण ‘गतीचे नियम’. ते शिकवायला मला १२ तासिका लागतात. यंदा तेराव्या तासिकेला मी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, ‘घटक चाचणीचे प्रश्न या वेळी तुम्ही काढायचे. प्रत्येकाने दोन. पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला नमुना उत्तर आणि कशाला किती गुण ते. आणि कोपऱ्यात एक आकडा. दहांतल्या किती जणांना हा प्रश्न येईल?’

पहिली पाच मिनिटं वर्गात आनंदीआनंद होता. मग हळूहळू शांतता पसरली. प्रश्न काढणं म्हणजे सूड उगवण्याची संधी, अशी त्यांची समजूत होती. पण मागच्या बाजूला उत्तरही लिहायचंय म्हटल्यावर बहुतेकांचा जोर ओसरला.

‘अ’ तुकडीतली ४८ मुलं, म्हणून ९६ चिठ्ठ्या जमल्या. शिक्षकखोलीतल्या लांब टेबलावर मी त्या पत्त्यांसारख्या लावायला बसले. शेजारी भूगोलाच्या बाई डबा खात होत्या. त्यांनी एक चिठ्ठी उचलून वाचली आणि म्हणाल्या, ‘हा तर पुस्तकातलाच प्रश्न आहे की!’ खरं होतं. पण मुलांच्या प्रश्नांचं मूल्यमापन करायचं म्हणजे प्रत्येक चिठ्ठीला ‘छान’ किंवा ‘पुस्तकातला’ असा शेरा मारायचा नसतो. आधी पाहायचं असतं ते सगळ्या चिठ्ठ्या मिळून धड्याचा किती भाग व्यापतात.

त्यासाठी बी.एड.ला शिकवलेलं एक जुनं हत्यार आहे, संविधान तक्ता. कागदावर आडव्या ओळीत धड्याचे उपघटक लिहायचे, उभ्या रकान्यांत उद्दिष्टं: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. प्रत्येक चौकटीला किती गुण द्यायचे ते प्रश्न काढण्याआधीच ठरवायचं. या रकान्यांच्या मुळाशी बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९५६ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेली वर्गवारी आहे. त्यानंतर थोड्याच काळात, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, ब्लूम स्वतः परीक्षा सुधारणेच्या कामासाठी भारतात आले होते. आपल्याकडचे शिक्षक आजही हे रकाने आखतात. खरं सांगायचं तर पुष्कळदा प्रश्नपत्रिका आधी तयार होते आणि तक्ता मागाहून, फाइलला लावण्यापुरता भरला जातो. मीही ते केलंय.

या वेळी मात्र आधी आखला. गुण वाटताना मी तासिका हे माप धरलं, कारण जितका वेळ शिकवण्यात गेला तितकं वजन परीक्षेत असावं हे मुलांनाही पटतं. चाचणी २० गुणांची. त्वरण आणि गतीची समीकरणं यांना तीन तासिका दिल्या होत्या, म्हणून ५ गुण. आलेखांनाही तीन तासिका, ५ गुण. अंतर, विस्थापन, चाल आणि वेग यांना दोन तासिका, ३ गुण. न्यूटनच्या तीन नियमांना दोन तासिका, ३ गुण. वर्तुळाकार गती आणि संवेग यांना एकेक तासिका, म्हणून प्रत्येकी २ गुण.

आता चिठ्ठ्या मोजल्या. न्यूटनच्या नियमांवर ४३. अंतर-विस्थापनाच्या गटात २१, त्वरण आणि समीकरणांवर १७, संवेगावर ८. आलेखांवर ४. वर्तुळाकार गतीवर ३.

ज्याला परीक्षेत पाव वजन द्यायचं, त्या आलेखांच्या वाट्याला ९६ पैकी चार चिठ्ठ्या. ज्याला २० पैकी ३ गुण, त्या न्यूटनच्या नियमांवर जवळजवळ निम्म्या. मी वर्गात विचारलं, ‘आलेखावर का नाही रे कुणी प्रश्न काढले?’ पहिल्या बाकावरच्या मुलाने सरळ सांगून टाकलं, ‘बाई, मागे उत्तर लिहायचं होतं ना. मग आलेख काढावा लागला असता.’ नियमांचं उत्तर मात्र पुस्तकात चौकटीत, ठळक अक्षरांत तयार असतं. म्हणजे मुलांनी प्रश्न शोधलेच नव्हते. त्यांनी पुस्तकातली उत्तरं शोधली आणि त्यांना पुढे प्रश्नाचं शेपूट जोडलं.

हे एकदा लक्षात आलं की रकान्यांमधलं चित्रही समजतं. ९६ पैकी ७१ प्रश्न ज्ञानाच्या रकान्यात पडले, १६ आकलनाच्या, ९ उपयोजनाच्या. कौशल्याच्या, म्हणजे आलेख किंवा आकृती काढायला लावणाऱ्या प्रश्नांचा रकाना रिकामाच. इथे वर्गीकरण करणाऱ्याने एक सावधगिरी घ्यायला हवी. प्रश्नाच्या शेवटच्या क्रियापदावर जाऊ नये. ‘कारणे द्या’ असं लिहिलं की प्रश्न आकलनाचा, असं आपण सवयीने धरतो. बस अचानक सुरू झाली की उभा प्रवासी मागे का कलंडतो, हा प्रश्न अकरा जणांनी काढला होता आणि अकराही जणांनी ‘कारण द्या’ म्हटलं होतं. पण तो मी वर्गात दोनदा सोडवून घेतलाय. उत्तर मुलांना पाठ आहे. वेश ‘कारणे द्या’चा, आत नुसतं पाठांतर. तो ज्ञानाच्याच रकान्यात जातो.

याच मुद्द्यावर एका मुलीने लिहिलं होतं, ‘मी सायकलच्या पुढच्या टोपलीत आमटीचं भांडं ठेवून चालले आहे. मी जोरात ब्रेक मारला तर आमटी कोणत्या बाजूने सांडेल आणि का?’ तत्त्व तेच, जडत्वाचं. पण हे वर्गात कुणी ऐकलेलं नाही, बसचं पाठ केलेलं उत्तर इथे जसंच्या तसं चालत नाही, उलट दिशेचा विचार करावा लागतो. हा उपयोजनाचा प्रश्न झाला. शिवाय आमटीचं भांडं नववीतल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दुसऱ्या एका चिठ्ठीत मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर उभ्या माणसाची चाल विचारली होती. त्यातलं विज्ञान बरोबर होतं, पण आमच्या वर्गात अर्धी मुलं आसपासच्या वाड्यांवरून येतात. सरकता जिना न पाहिलेल्या मुलाला प्रश्न अवघड जाईल तो गतीमुळे नव्हे, जिन्यामुळे. जिन्याच्या जागी मी बैलगाडी आणि तिच्यावर चालणारा माणूस घातला. प्रश्न तोच राहिला.

व्याप्तीचं काम इथवर तसं हिशोबाचं आहे, बसलं की संपतं. स्पष्टता तपासणं त्याहून चिवट. कारण प्रश्न वाचताना त्याचं उत्तर आपल्याला माहीत असतं, आणि माहीत असलेलं डोळा आपोआप भरून घेतो. प्रश्न लिहिणाऱ्या मुलाचंही तेच होतं.

एक चिठ्ठी नमुन्याला घेते. ‘एक एस.टी. ६० च्या वेगाने जाते आणि ५ सेकंदांत थांबते. त्वरण काढा.’ मागे उत्तर: ६० भागिले ५, म्हणून १२. गुण २.

मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला एकच खोट दिसली, एकक राहिलंय. मग मी एक साधा उपाय केला. चिठ्ठीच्या मागची बाजू झाकून प्रश्न वर्गातल्या चार चांगल्या मुलांना दिला, वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवून. आणि प्रश्न काढणाऱ्या मुलाला अट घातली, तोंड उघडायचं नाही. ही अट महत्त्वाची, कारण परीक्षेत प्रश्न काढणारा शेजारी बसून ‘म्हणजे मला असं म्हणायचं होतं’ हे सांगायला नसतो.

चार जणांची चार उत्तरं आली. एकाने ६० म्हणजे सेकंदाला ६० मीटर धरलं, त्याचं उत्तर उणे १२. दुसरीने ६० म्हणजे ताशी किलोमीटर धरलं, त्याचे मीटर प्रति सेकंद केले तर १६.६७, आणि उत्तर आलं उणे ३.३३. तिसरीने ‘किती’ एवढंच विचारलंय म्हणून ऋण चिन्ह न देता १२ लिहिलं. चौथ्याने काहीच सोडवलं नाही. ‘एस.टी. सारखी सारखी थांबली की हळूहळू थांबली ते सांगितलं नाही,’ असं लिहून त्याने कागद परत केला. त्याचा मुद्दा सगळ्यांत बरोबर होता. त्वरण एकसमान नसेल तर v = u + at हे समीकरण लावताच येत नाही.

आता प्रश्न काढणाऱ्यालाच मी म्हटलं, ‘सेकंदाला ६० मीटर म्हणजे तासाला किती होतात बघ.’ त्याने गुणलं, २१६ किलोमीटर. वर्गात हशा. आमच्या गावची एस.टी. उतारावरसुद्धा तो वेग गाठत नाही.

दुरुस्त प्रश्न असा झाला: ‘सरळ रस्त्यावर ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी एस.टी. ब्रेक लावल्यावर एकसमान त्वरणाने ५ सेकंदांत थांबते. तिचे त्वरण चिन्ह व एककासह लिहा.’ ५४ मुद्दाम घेतले. त्याचे बरोबर १५ मीटर प्रति सेकंद होतात आणि उत्तर उणे ३ मी/से² असं नीट येतं. एकक बदलायला एक गुण, समीकरण आणि चिन्हासह उत्तराला एक. मूळ बारा शब्दांचा प्रश्न जवळजवळ दुप्पट लांब झाला. ‘प्रश्न लहान तेवढा सोपा’ ही मुलांची कल्पना तिथेच मोडली.

ही झाकून सोडवून घेण्याची पद्धत वापरायची असेल तर निकाल कसा वाचायचा हे ठरवून घ्यावं. चांगली मुलं चुकली पण सगळी एकाच प्रकारे चुकली, तर दोष बहुधा शिकवण्यात असतो. चांगल्या मुलांची उत्तरं वेगवेगळ्या वाटांनी फुटली आणि प्रत्येकाची वाट त्याच्यापुरती तर्काला धरून असली, तर दोष प्रश्नात असतो.

बहुपर्यायी प्रश्नांत मराठीची म्हणून एक खास खोड आहे, ती इंग्रजी पुस्तकांत सापडायची नाही. एका मुलीचा प्रश्न होता: ‘वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराने मिळणारा ____ .’ पर्याय: त्वरण, बल, संवेग, ऊर्जा. वाचून बघा. ‘मिळणारा’ म्हटल्यावर पुल्लिंगी शब्दच बसणार. त्वरण आणि बल नपुंसकलिंगी, ऊर्जा स्त्रीलिंगी. उरतो तो संवेग. भौतिकशास्त्राचं एक अक्षर न वाचलेला, पण घरात मराठी बोलणारा मुलगा हा गुण मिळवतो. आणि ज्याच्या घरी दुसरी भाषा बोलतात त्याला ही सवलत मिळत नाही, म्हणजे अन्याय दुहेरी. उपाय सोपा आहे. ‘वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारास कोणती राशी म्हणतात?’ असं विचारलं की चारही पर्याय व्याकरणात सारखेच बसतात. हे सांगितल्यावर मुलांनी आपापल्या चिठ्ठ्या परत मागितल्या आणि लिंगाची फूट शोधण्याचा खेळच सुरू झाला. त्यातच त्यांना दुसरी फूटही सापडली. प्रश्न काढणारा बरोबर पर्याय जास्त काळजीने लिहितो, म्हणून तो बहुधा सगळ्यांत लांब असतो.

आता आलेखांवरच्या त्या चार चिठ्ठ्यांपैकी एक. शेवटच्या बाकावरच्या, एरवी वहीसुद्धा न काढणाऱ्या मुलाची. प्रश्न एवढाच: ‘आलेखात रेघ आडवी आहे. गाडी थांबली आहे का चालू आहे?’ मागे उत्तराच्या जागी ‘थांबली’.

नियम लावायचा तर हा प्रश्न बाद. कोणता आलेख तेच सांगितलेलं नाही. अंतर-काल आलेखात रेघ आडवी असेल तर वेळ जातोय पण अंतर वाढत नाही, गाडी थांबलीय. वेग-काल आलेखात तीच आडवी रेघ म्हणजे वेग बदलत नाही, गाडी एकसमान वेगाने धावतेय. त्या मुलाने पहिलाच धरला होता. पण तीन तासिका मी जे शिकवण्यासाठी घालवल्या ते नेमकं हेच. रेघ पाहू नका, आधी अक्ष पाहा. प्रश्नात जी संदिग्धता होती तीच धड्यातली कळीची जागा होती. त्याने अजाणता तिच्यावर बोट ठेवलं होतं.

म्हणून प्रश्न फेकला नाही, उलगडला. दोन आलेख शेजारी शेजारी, दोन्हींत सारखीच आडवी रेघ, एकाच्या उभ्या अक्षावर अंतर, दुसऱ्याच्या उभ्या अक्षावर वेग. ‘प्रत्येक गाडीविषयी काय सांगता येईल? कारण लिहा.’ गुण २. प्रश्न काढणारा म्हणाला, ‘बाई, मी असंच म्हणणार होतो.’ म्हणणार नव्हता, पण मी मान डोलावली.

तिसरी कसोटी काठिण्याची, आणि ती टेबलावर बसून होत नाही. प्रश्न किती अवघड आहे हे तो मुलांपुढे ठेवल्याशिवाय कळत नाही. प्रश्न ‘अ’ तुकडीचे, म्हणून चाचणी ‘ब’ तुकडीला दिली. स्वतःचा प्रश्न स्वतःला मिळायला नको. त्या दिवशी ४१ मुलं हजर होती.

आता जो हिशोब करायचा तो वही-पेन्सिलीने होतो. सगळ्या उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावायच्या. वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के बाजूला काढायच्या, मधल्या ठेवून द्यायच्या. २७ हा आकडा अमेरिकी मापनतज्ज्ञ ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये गणिताने काढून दाखवला. दोन्ही टोकांचे गट पुरेसे वेगळेही राहावेत आणि फार लहानही होऊ नयेत, यांतला तो मध्य आहे. ४१ चे २७ टक्के म्हणजे ११. तेव्हा वरचे ११, खालचे ११.

मग एकेका प्रश्नासाठी दोनच आकडे. दोन्ही गटांत मिळून किती जणांना प्रश्न बरोबर आला, भागिले २२. याला काठिण्य मूल्य म्हणतात. नाव उलटं आहे, कारण आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, पण रूढ झालंय. दुसरा आकडा भेदनक्षमतेचा. वरच्या गटातले बरोबर वजा खालच्या गटातले बरोबर, भागिले ११. ज्यांना विषय येतो आणि ज्यांना येत नाही त्यांच्यात हा प्रश्न फरक करतो का, हे तो सांगतो. सर्वसाधारणपणे ०.४ च्या वर असेल तर प्रश्न उत्तम, ०.२ च्या खाली गेला तर पुन्हा पाहायचा.

दोन आलेखांचा तो प्रश्न वरच्या गटात ९ जणांना पूर्ण आला, खालच्या गटात ३ जणांना. काठिण्य ०.५५, भेदनक्षमता ०.५५. शेवटच्या बाकावरून आलेला प्रश्न चाचणीतला सर्वांत चांगला प्रश्न ठरला. न्यूटनच्या पहिल्या नियमाचं विधान पूर्ण करा, हा वरच्या ११ आणि खालच्या १० जणांना आला. काठिण्य ०.९५, भेदनक्षमता ०.०९. आकड्यांवर बोट ठेवलं तर हा प्रश्न कुचकामी. पण मी तो ठेवला, पहिल्याच क्रमांकावर. पेपर हातात पडताच एक तरी प्रश्न यावा, घाबरलेल्या मुलाचं पेन चालू व्हावं, एवढ्याचसाठी.

मुलांचे ‘कठीण’ प्रश्न हा वेगळाच नमुना होता. अवघड करणं म्हणजे काय, याच्या त्यांच्या दोन युक्त्या होत्या. एक म्हणजे आडवळणी माहिती विचारायची, न्यूटनचा जन्म कोणत्या साली झाला वगैरे. ती तक्त्यातल्या एकाही चौकटीत बसत नाही, म्हणून तिथेच गळून पडली. दुसरी युक्ती, आकडे ओबडधोबड घ्यायचे. एका मुलीने लिहिलं होतं, ‘१७.३५ किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूत २.८ मी/से² त्वरण निर्माण करण्यासाठी किती बल लागेल?’ व्याप्ती ठीक, भाषा निर्दोष. मी तो तसाच चाचणीत घेतला. कोपऱ्यात तिचा अंदाज होता, दहांतले सात.

वरच्या गटात ५ जणांना आला, खालच्या गटात एकाला. काठिण्य ०.२७. भेदनक्षमता मात्र ०.३६, म्हणजे कागदावर चांगलीच. आकडेच पाहिले असते तर ‘अवघड पण चांगला प्रश्न’ असा शेरा मारून मी पुढे गेले असते. पण चुकलेल्या १६ उत्तरपत्रिका उघडून पायऱ्या पाहिल्या. त्यांतल्या १२ जणांनी F = ma बरोबर लिहिलं होतं, किमती बरोबर भरल्या होत्या, आणि घसरले होते ते १७.३५ गुणिले २.८ या गुणाकारावर. ४८.५८ यायला हवेत, कुणाचे ४८५.८ आले, कुणाचे ४.८५८. विज्ञानाच्या पेपरात मी दशांश चिन्हाची परीक्षा घेत होते. भेदनक्षमता चांगली दिसली कारण विज्ञानात पुढे असलेली मुलं गुणाकारातही पुढे असतात. प्रश्न चुकीच्या कारणाने अवघड आहे, हे या दोन आकड्यांत कधीच उमटत नाही. त्यासाठी मुलांची कच्ची आकडेमोड पाहावी लागते, आणि ती मुलं खोडून टाकतात. तेव्हापासून मी समासात केलेली आकडेमोड खोडू देत नाही.

या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा तेही सांगायला हवं. गट अकरा-अकराचे. वरच्या गटातल्या एका मुलाने त्या दिवशी डुलकी काढली तर भेदनक्षमता ०.०९ ने खाली येते. म्हणून ०.३ आणि ०.३६ यांत मी फरक करत नाही. पण आकडा शून्याच्या खाली गेला तर मात्र डुलकीवर ढकलता येत नाही. खालच्या गटातल्या मुलांना वरच्यांपेक्षा जास्त येणारा प्रश्न असूच कसा शकतो?

असा एक निघाला. वर्तुळाकार गतीवर आलेल्या तीन चिठ्ठ्यांपैकी होता. ‘एकसमान वर्तुळाकार गतीत पुढीलपैकी कोणती राशी स्थिर असते?’ पर्याय: विस्थापन, चाल, वेग, वेगाची दिशा. वरच्या गटात ३ जणांना आला, खालच्या गटात ६. काठिण्य ०.४१, अगदी हवं तसं. तेवढ्यावर थांबले असते तर प्रश्नपेढीत कायमचा जमा झाला असता. भेदनक्षमता आली उणे ०.२७.

मी वरच्या गटाच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. उरलेल्या आठही जणांनी एकच पर्याय लिहिला होता, ‘चाल’. आठ हुशार मुलं एकाच प्रकारे चुकली म्हणजे माझं शिकवणं चुकलं, असा माझाच नियम. क्षणभर तसं वाटलंही. मग चिठ्ठी उलटून पाहिली. मागे सुंदर अक्षरात उत्तर होतं, ‘वेग’.

वर्तुळात फिरणारी वस्तू सारख्या काळात सारखं अंतर कापते, तेव्हा तिची चाल स्थिर. पण दिशा क्षणाक्षणाला बदलते आणि वेगात दिशा येते, म्हणून वेग स्थिर नाही. बोलताना आपण सगळे दोन्हींना ‘वेग’च म्हणतो, ‘स्पीड’ म्हणतो. मुलीचा गोंधळ त्यातून झाला. माझा कशातून झाला? अक्षर सुंदर, मुलगी पहिल्या तिघांतली, प्रश्न नेमका. मी प्रश्न तीनदा वाचला आणि उत्तर एकदाही तपासलं नाही. तीच उत्तरसूची घेऊन ४१ उत्तरपत्रिका तपासल्या.

उत्तर बदलून पुन्हा मोजलं. वरच्या गटात ८, खालच्या गटात ३. काठिण्य ०.५, भेदनक्षमता ०.४५. प्रश्न चांगलाच होता, सूची खोटी होती. ‘ब’ तुकडीचे सगळे कागद परत मागवून गुण बदलले. ज्यांचा गुण कमी झाला त्यांनी कुरकुर केली आणि ती रास्त होती. त्यांनी चूक केली हे खरं, पण बरोबर म्हणून शिक्का मीच मारला होता.

शेवटी ‘अ’ तुकडीला प्रश्न काढण्याचे गुण द्यायचे होते. प्रत्येक चिठ्ठीला ५: प्रश्न तक्त्यात कुठल्या तरी चौकटीत बसतो त्याला १, झाकून सोडवताना सगळे एकाच अर्थाने समजले तर २, नमुना उत्तर व गुणविभागणी बरोबर असल्यास १, आणि कोपऱ्यातला अंदाज प्रत्यक्षाच्या जवळ गेला तर १. चाचणीत न गेलेल्या चिठ्ठ्यांचा अंदाज अर्थातच पडताळता आला नाही. त्यांना तो गुण सरसकट दिला, त्याला इलाज नव्हता. सूचीचा घोळ झालेल्या मुलीच्या चिठ्ठीवर मी ४ लिहिले.

ती चिठ्ठी घेऊन मधल्या सुट्टीत आली. ‘बाई, एक गुण उत्तर चुकलं म्हणून गेला ना?’

‘हो.’

‘पण तुम्ही तपासलं होतं ना उत्तर?’

‘नव्हतं तपासलं.’

तिने जरा विचार केला. ‘मग तुमचा किती गेला?’